24.7 टक्क्यांचे 10.2 कसे झाले: सोसायटीच्या सोलर हिशेबाच्या नोंदी

ठाण्यात कोलशेत रोडला आमची 80 फ्लॅटची सोसायटी आहे आणि मी तिची खजिनदार. नोकरी रबाळ्याला, एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये. गच्चीवर सोलर बसवायचं ठरत होतं तेव्हा हिशेब माझ्या गळ्यात पडला. वहीत टिपत गेले ते इथे उतरवते आहे. दुसऱ्या कुठल्या सोसायटीच्या खजिनदाराचे दोन रविवार वाचले तर बरं.

रविवार, 6 जुलै 2025

कंत्राटदाराचा प्रस्ताव आला. 30 किलोवॉट, एकूण 17,40,000 रुपये. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी प्रति किलोवॉट 18,000 अनुदान, म्हणजे 5,40,000. उरले 12,00,000. लिफ्ट, पंप आणि जिन्यांच्या बिलातली वर्षाची बचत, धुलाई-देखभाल वजा जाता, 3,00,000. आमची मागची बारा बिलं काढून पडताळलं, आकडा पटण्यासारखा आहे. अनुदान काम झाल्यावर हातात येतं, पण ते वर्षाच्या आत येईल असं धरून मी ते सुरुवातीच्याच रकमेतून वजा केलं. एवढी ढिलाई चालवून घेतली.

प्रस्तावाच्या शेवटच्या पानावर ठळक अक्षरात: आयआरआर, म्हणजे गुंतवणुकीवरचा वर्षाचा अंतर्गत परतावा दर, 24.7 टक्के, मुदत 20 वर्षं.

अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, एफडीला साडेसहा मिळतात, हे पावणेपंचवीस देतायत. विचार कसला करायचा?" मलाही तसंच वाटलं. त्या पानाच्या 80 रंगीत प्रती काढून घेतल्या, दहा रुपयाला एक. 800 रुपये. ही पहिली चूक, आणि ती पैशात मोजता येते.

मंगळवार, 8 जुलै

प्रती वाटण्याआधी आकडा एकदा स्वतः काढावा म्हणून जेवणाच्या सुट्टीत एक्सेल उघडलं. B2 मध्ये उणे 12,00,000 आणि खाली वीस वर्षं तीन-तीन लाख. उत्तर आलं 24.7. गणित बरोबर होतं.

पण वीस वर्षांत एकही खर्च नाही? इन्व्हर्टर पॅनेलइतका टिकत नाही. शिवाय आमची गच्ची. दर दहा-बारा वर्षांनी वॉटरप्रूफिंग करावंच लागतं, आणि या वेळी त्याआधी पॅनेल उतरवून पुन्हा चढवावी लागतील. दोन्ही मिळून अकराव्या वर्षी 3,00,000 धरले. म्हणजे त्या वर्षाची बचत खर्चात गेली, शिल्लक शून्य. आयआरआर 24.1 वर आला. फार नाही हलला.

परतीच्या गाडीत डोक्यात दुसरंच सुरू होतं. बारा लाख वीस वर्षं खरोखर 24.1 टक्क्यांनी वाढले तर किती होतील? मोबाइलवर काढलं तर जवळपास 9 कोटी. आणि सोलरमधून वीस वर्षांत हातात येणार एकोणीस वेळा तीन लाख, म्हणजे 57 लाख. नऊ कोटी कुठून येणार?

घरी आल्यावर कर्जाच्या खात्यासारखं मांडून पाहिलं. समजा सोसायटीने कंत्राटदाराला बारा लाख 24.1 टक्क्यांनी उसने दिले. पहिल्या वर्षाचं व्याज 2,89,200. त्याने परत दिले तीन लाख, म्हणजे मुद्दल फिटलं फक्त 10,800. पुढच्या वर्षी जरा जास्त, असं करत विसाव्या वर्षी खातं शून्य. आयआरआर एवढंच सांगतो: जे पैसे अजून अडकलेले आहेत त्यांच्यावर 24.1 टक्के. दरवर्षी जे तीन लाख बाहेर पडले त्यांचं पुढे काय झालं, याबद्दल तो एक शब्द बोलत नाही. लोक म्हणतात की आयआरआर ते पैसे त्याच दराने पुन्हा गुंतवले असं गृहीत धरतो. सूत्र तसं काही धरत नाही. धरतो आपण, जेव्हा 24.1 शेजारी एफडीचे 6.5 ठेवून दोन्ही आकडे एकाच जातीचे समजतो. पुन्हा गुंतवणाऱ्या मुदत ठेवीत मुद्दल आणि व्याज दोन्ही वीस वर्षं आतच राहतात. सोलरचे पैसे दरवर्षी बाहेर येतात.

रंगीत प्रती कपाटात ठेवल्या.

रविवार, 13 जुलै

यावरचा उपाय माहीत होता: एमआयआरआर, म्हणजे सुधारित अंतर्गत परतावा दर. यात बाहेर आलेल्या पैशाचं काय करणार ते आपणच सांगायचं. प्रत्येक वर्षाची बचत एका डब्यात टाकायची आणि डबा ठरवलेल्या दराने वाढवत न्यायचा. शेवटच्या वर्षी डब्यात जे असेल ते आज घातलेल्या पैशाच्या किती पट झालं, त्यावरून वर्षाचा दर काढायचा. एक्सेलमध्ये एका ओळीचं काम:

```
=MIRR(B2:B22, 10%, 6.5%)
```

पहिला दर खर्चाच्या पैशाचा, म्हणजे तो कर्जाने आणला तर त्या कर्जाचा, दुसरा पुनर्गुंतवणुकीचा. उत्तर आलं 11.77 टक्के.

24.1 वरून 11.8. विश्वास बसेना, म्हणून पहिला दर बदलून पाहिला. 10 चे 8 केले, 11.77. 14 केले, 11.77. 50 केले तरी 11.77. फाइल बिघडली असं समजून नवीन शीट केलं, आकडे पुन्हा टाइप केले. दीड तास गेला.

बिघडलं काहीच नव्हतं. पहिला दर फक्त पुढच्या वर्षांतल्या उणे रकमा आजच्या किमतीला आणायला लागतो. माझ्या यादीत उणे रक्कम एकच, तीही आजची. आजच्या रकमेला मागे कुठे आणणार?

खात्री करायला अकराव्या वर्षाचा खर्च तीनऐवजी साडेचार लाख केला, म्हणजे त्या वर्षी उणे दीड लाख. आता उत्तर हलू लागलं, पण उलटं! पहिला दर 6.5 ठेवला तर 11.44 टक्के, आणि 10 केला तर 11.54. कर्ज महाग धरलं तर प्रकल्प चांगला दिसतो? विचार केल्यावर उलगडलं: दर जास्त धरला की अकराव्या वर्षाचा दीड लाख आज आणखी लहान दिसतो. आमच्यावर कर्ज नाही. तो दीड लाख आज बाजूला काढायचा तर तो एफडीतच बसेल. म्हणून यापुढे दोन्ही जागी 6.5 च. कोणाच्या शीटमध्ये पुढच्या वर्षांत मोठा खर्च असेल आणि पहिला दर चढा दिसला, तर तिथे जरूर थांबून बघा.

मंगळवार, 15 जुलै

आजची चूक माझी एकटीची.

शीट सचिवांना पाठवण्याआधी नीटनेटकं केलं. अकराव्या वर्षाचा शून्य डोळ्याला खुपत होता, म्हणून आम्ही खतावणीत करतो तसा तिथे डॅश टाकला. फाइल पाठवली. रात्री सचिवांचा फोन, "तुम्ही परवा 11.77 म्हणालात, इथे 12.18 दिसतंय."

दोन्ही फायली शेजारी ठेवल्या. आकडे तेच, सूत्र तेच. पाऊण तास शोधल्यावर लक्ष गेलं ते डॅशच्या जागेकडे: बाकीचे आकडे खान्यात उजवीकडे टेकलेले, आणि डॅश डावीकडे. डावीकडे म्हणजे एक्सेलच्या लेखी तो मजकूर. आणि MIRR मजकूर किंवा रिकामा खाना गृहीतच धरत नाही, तो ओलांडून जातो. म्हणजे माझी वीस वर्षं एकोणीस झाली आणि बाराव्या वर्षापासून सगळी बचत एकेक वर्ष अलीकडे सरकली. IRR चंही तेच, तिथे 24.1 चे 24.6 झाले होते. कुठेही चूक असल्याचा इशारा नाही, लाल रंग नाही.

यापुढे सूत्राच्या शेजारी हे कायम ठेवलं आहे:

```
=COUNT(B2:B22)
```

उत्तर 21 आलंच पाहिजे, वीस वर्षं आणि आजचा दिवस. डॅश हवाच असेल तर शून्य टाइप करून खान्याचं फॉरमॅट अकाउंटिंगचं करा. दिसतो डॅश, आत राहतो शून्य.

शनिवार, 19 जुलै

कंत्राटदार कार्यालयात आले. त्यांना 11.77 दाखवलं. ते म्हणाले, "साडेसहा कोण धरतं मॅडम? 12 टक्के धरा, म्युच्युअल फंडात आरामात सुटतात." 12 टाकून पाहिलं तर 15.33 टक्के. 10 ला 13.99. पॅनेल तीच, गच्ची तीच, ऊनही तेच. खान्यातला एक आकडा बदलला की साडेतीन टक्के वर.

म्हणजे हा दर कुठून आणायचा, हाच खरा प्रश्न. ज्याला प्रकल्प विकायचा आहे त्याने तो सुचवू नये, इतकं तर उघड आहे. मी उपविधी काढले. सोसायटीचा निधी सहकार कायद्याच्या कलम 70 ने परवानगी दिलेल्या जागीच गुंतवायचा असतो. खजिनदाराला वाटलं म्हणून सोसायटीचे पैसे शेअर बाजाराच्या फंडात टाकता येत नाहीत. आमचे आहेत सहकारी बँकेच्या मुदत ठेवीत, आणि चालू पावतीवर दर आहे 6.5. पुनर्गुंतवणुकीचा दर तोच, कारण पैसे खरोखर तिथेच जाणार आहेत.

कंत्राटदार हिरमुसले, पण भांडले नाहीत. चहा मात्र पूर्ण प्यायले.

रविवार, 27 जुलै

आज कमिटीसमोर 11.77 मांडलं आणि सी विंगमधल्या वहिनींनी एका वाक्यात ते पाडलं. त्या म्हणाल्या, "पण बिल कमी आलं तर मेंटेनन्स कमी करणार ना? मग एफडी कशाची?"

मी गप्प. बरोबरच होतं त्यांचं. मी तीन लाख दरवर्षी बँकेत पडतात असं धरून बसले होते. वास्तविक तीन लाख पडत नाहीत कुठेच. बिल कमी येतं, एवढंच. सदस्यांना हवी आहे मेंटेनन्समध्ये कपात. 3,00,000 भागिले 80 फ्लॅट भागिले 12 महिने, म्हणजे घरटी महिन्याला साडेतीनशेसुद्धा नाही, 312 रुपये 50 पैसे. ते कोणी भाजीत घालेल, कोणी पेट्रोलमध्ये. आठव्या मजल्यावरचे काका म्हणाले की ते गृहकर्जाच्या हप्त्यात घालतील, आणि मग त्यांच्यापुरता दर त्यांच्या कर्जाचा. पण सोसायटीच्या डब्यात काही येत नाही, वाढत तर नाहीच.

तिथेच लॅपटॉपवर पुनर्गुंतवणुकीचा दर शून्य टाकला: 8.10 टक्के.

आता एकाच प्रकल्पाचे इतके आकडे झाले:

बचत सदस्यांना वाटून टाकली, दर 0: 8.10 टक्के.
सगळी बचत मुदत ठेवीत, दर 6.5: 11.77 टक्के.
कंत्राटदाराच्या मनासारखं, दर 12: 15.33 टक्के.
बचत पुन्हा 24.1 नेच वाढली तर: 24.1 टक्के, म्हणजे आयआरआरच.

शेवटच्या ओळीने कमिटीला सगळ्यात जास्त समजलं. दरवर्षीच्या तीन लाखांतून पुन्हा एक तितकंच फायद्याचं सोलर बसवत राहायला हवं. आमची गच्ची एकच आहे, आणि तिच्यावर पाण्याच्या टाक्याही आहेत.

शून्याच्या बाबतीत एक सांगायला हवं. 8.10 म्हणजे प्रकल्प वाईट झाला असं नाही. तीन लाख तेवढेच वाचतात. फक्त ते वाचल्यावर सोसायटीकडे राहत नाहीत, म्हणून सोसायटीच्या वाढीत दिसत नाहीत. सदस्याला आजचे 312 रुपये वीस वर्षांनंतरच्या एफडीपेक्षा मोलाचे वाटू शकतात, आणि ते एमआयआरआरला कळत नाही.

तोडगा अध्यक्षांनी काढला: निम्मी बचत मेंटेनन्समध्ये, निम्मी सिंकिंग फंडाच्या ठेवीत. हे एक्सेलच्या सूत्रात बसत नाही, तिथे सगळ्या पैशाला एकच दर द्यावा लागतो. म्हणून डबा हाताने मांडला. F1 मध्ये दर, C स्तंभात डबा:

```
C2: 0
C3: =C2*(1+$F$1)+B3*0.5
D3: =D2+B3*0.5
=((C22+D22)/-B2)^(1/20)-1
```

C3 आणि D3 खालपर्यंत ओढायचे. C ठेवीचा डबा, D वाटून टाकलेल्या पैशाची नुसती बेरीज, D2 मध्येही शून्य. सगळी बचत ठेवीत गेली असती तर विसाव्या वर्षी 111.19 लाख झाले असते, सगळी वाटली तर 57 लाख. निम्मं-निम्मं धरून 84.09 लाख. बारा लाखांच्या सात पटींहून किंचित जास्त, म्हणजे वर्षाला 10.22 टक्के.

हाताने मांडल्याचा आणखी एक फायदा: C मधल्या 0.5 च्या जागी 1 आणि D मधल्या 0.5 च्या जागी 0 ठेवलं तर सूत्राचे 11.77 यायलाच हवेत. आले. ही ताळ्याची चाचणी मी आता प्रत्येक बदलानंतर करते.

रविवार, 3 ऑगस्ट

कंत्राटदाराचा संदेश: पॅनेलची कामगिरी-हमी 25 वर्षांची आहे, मग 20 च का धरता? रास्त मुद्दा. पाच वर्षं वाढवली, आणखी पाच वेळा तीन लाख, नवा खर्च शून्य. सगळी बचत ठेवीत, दर 6.5. आकडा वर जाईल अशी अपेक्षा होती.

11.17. खाली आला.

पुन्हा COUNT पाहिला. 26, बरोबर. डबा हाताने मांडला, तेच. मग मुदत कमी-कमी करत गेले: 15 वर्षांना 12.33, 10 वर्षांना 12.93. मुदत जितकी लांब तितका एमआयआरआर कमी. आयआरआर मात्र उलट चढत होता: 10 ला 21.4, 20 ला 24.1, 25 ला 24.3.

पंधरा लाख फुकटचे जास्त मिळतात आणि परतावा कमी? संध्याकाळी डब्याचा स्तंभ नुसता वर-खाली करत बसले तेव्हा दिसलं. विसाव्या वर्षी डब्यात 111 लाख आहेत. एकविसाव्या वर्षी त्यावर साडेसहा टक्क्यांनी 7.23 लाख व्याज येतं, आणि पॅनेलचे येतात तीन लाख. म्हणजे या टप्प्यावर डबा वाढतो आहे तो बँकेमुळे, सोलरमुळे कमीच. त्या वर्षी संपूर्ण डब्याची वाढ 9.2 टक्के, जी आधीच्या 11.77 च्या सरासरीहून कमी, म्हणून सरासरी खाली ओढली जाते. मुदत वाढवत न्याल तसा एमआयआरआर सरकत सरकत पुनर्गुंतवणुकीच्या दरालाच जाऊन भिडणार. लांब मुदतीच्या प्रकल्पात तुम्ही प्रकल्प कमी आणि एफडी जास्त मोजत असता.

25 वर्षांचं सोलर 20 वर्षांच्या सोलरपेक्षा वाईट नाही, हे सांगायला नको. शेवटच्या पाच वर्षांचे पैसे खरे आहेत. टक्केवारी तेवढी फसवी. म्हणून ठरवलं: टक्के लिहायचे तर मुदत सोबत लिहायची, आणि त्याच्या खाली डब्यातले रुपये. बारा लाख एफडीत वीस वर्षं ठेवले तर 42.28 लाख. तेच सोलरला लावून बचत एफडीत टाकली तर 111.19 लाख. फरक 68.91 लाख. हे वाचायला टक्के लागत नाहीत.

बुधवार, 6 ऑगस्ट

सहसचिवांनी वेगळा प्रस्ताव पुढे केला: सोलर नको, तीन लाखांत जिन्याचे आणि पार्किंगचे दिवे एलईडी करू, पंपांना वेग-नियंत्रक बसवू. वर्षाला 1,20,000 वाचतील, पाच वर्षं धरू. त्यांनीच माझ्या शीटमध्ये आकडे घातले होते: आयआरआर 28.6, एमआयआरआर 6.5 दराने 17.89. "सोलरचा 11.77, याचा 17.89. मॅडम, तुमच्याच सूत्राने."

परवाचा धडा ताजा होता म्हणून लगेच सापडलं. त्यांचा डबा पाच वर्षांचा, माझा वीस वर्षांचा. पाच वर्षांत त्यांच्या डब्यात 6.83 लाख होतात. त्यानंतर काय? काहीच नाही केलं तर तेही साडेसहाने एफडीत बसणार. पुढची पंधरा वर्षं तसे ठेवले की 17.57 लाख, तीन लाखांचे. वीस वर्षांच्या मापाने 9.24 टक्के. सोलरच्या 11.77 पेक्षा कमी.

दर पाच वर्षांनी दिवे पुन्हा बदलून तीच बचत पुन्हा मिळेल असं धरलं तर चित्र वेगळं होईल, पण मग ते तसं मांडायला हवं, त्या त्या वर्षीचा तीन लाखांचा खर्च घालून. गृहीत धरायचं तर दोन्हीकडे सारखं. मुदती वेगळ्या असलेले दोन एमआयआरआर शेजारी ठेवायचे नाहीत, एवढं मी आता डोळे मिटून सांगेन.

शिवाय रक्कम. तीन लाखांवर 18 टक्के आणि बारा लाखांवर 12 यांत घरात येणारे रुपये दुसऱ्याचे जास्त. सहसचिव म्हणाले, मग दोन्ही करू. तेही बरोबर आहे, ते एकमेकांच्या आड येत नाहीत. पण दिवे बदलल्यावर दिवसाची वीज किती उरते आणि 30 किलोवॉट लागतात का, हे पुन्हा मोजावं लागेल. ते कंत्राटदाराकडे पाठवलं. दोन दिवसांत उत्तर आलं: मोठा वापर पंप आणि लिफ्टचा, दिवे बहुतेक रात्रीचे. क्षमता तीच राहिली.

रविवार, 10 ऑगस्ट

नोटिस बोर्डवर लावायचं पान तयार केलं. या वेळी काळंपांढरं, एकच प्रत, खर्च दोन रुपये. वर तीन ओळी: बचत कुठे जाणार, मुदत किती, दर किती. खाली वीस वर्षांनंतरचे दोन डबे, एक नुसत्या एफडीचा आणि एक सोलर अधिक एफडीचा. टक्के सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात: 10.2, निम्मी बचत ठेवीत धरून.

तळमजल्यावरचे एक आजोबा चष्मा सरकवून बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, "साडेसहा वीस वर्षं राहणार का?" नाहीच राहणार. F1 मध्ये 5 टाकून दाखवलं, डबा लहान झाला तरी एफडीचाही डबा लहान झाला, कारण दोघांची बँक एकच. हेच त्या मांडणीचं बरं आहे. दर वर्षागणिक वेगळा हवा असेल तर F1 ऐवजी दरांचा एक स्तंभच करायचा. MIRR सूत्राला ते जमत नाही, डब्याला जमतं.

रविवार, 24 ऑगस्ट

विशेष सर्वसाधारण सभा, गणपतीच्या तीन दिवस आधी, त्यामुळे अर्धं लक्ष मंडपाच्या वर्गणीत. सोलर मंजूर. एलईडीही मंजूर, पण ते रिपेअर फंडातून.

ठरावाचा मसुदा मी आग्रहाने बदलून घेतला. आधी होतं, "प्रकल्पातून 24.7 टक्के परतावा अपेक्षित". आता आहे: "वीजबिलातील वार्षिक बचतीपैकी निम्मी रक्कम दरवर्षी एप्रिलमध्ये सिंकिंग फंडाच्या मुदत ठेवीत वर्ग करण्यात यावी." हे वाक्य नसतं तर माझे 10.2 पहिल्याच वर्षी 8.1 कडे घसरायला लागले असते, कारण ठेव आपोआप होत नाही, कोणीतरी चेक लिहावा लागतो.

एकूण वेळ: सभेचा दिवस सोडून पाच रविवार आणि चार-पाच संध्याकाळ. खर्च 802 रुपये. फाइल सचिवांकडे दिली आहे, F1 पिवळा करून ठेवला आहे. दर एप्रिलला नव्या पावतीवरचा दर तिथे टाकायचा आणि B स्तंभात अंदाज पुसून खरी बचत लिहायची. कपाटातल्या 80 रंगीत पानांची मागची बाजू कोरी आहे, गणपतीच्या आरतीच्या वेळापत्रकाला वापरली.